घरातील डबा आणि दूरस्थ गणित : वृत्तचितीच्या घनफळाचा व पृष्ठफळाचा एक पाठ

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा गणिताच्या शिक्षकांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. सूत्र दूरध्वनीवरून सांगता येते, उदाहरणही फळ्याविना सोडवून दाखविता येते; परंतु मुलाने मोजपट्टी कोठे लावली, दोरा कसा गुंडाळला, व्यास घेतला की त्रिज्या, हे शिक्षकाला दिसत नाही. वर्गात जी चूक नुसत्या नजरेने पकडली जाते, ती दुरून पकडावयाची तर मुलाने कळविलेल्या आकड्यांतूनच पकडावी लागते. ती साथ ओसरली, तरी हा प्रश्न संपलेला नाही. अतिवृष्टीने रस्ते तुटलेले पाडे आहेत, ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर काही महिने गाव सोडणारी मुले आहेत आणि दीर्घ आजाराने घरी असलेले विद्यार्थीही आहेत. त्यांच्यासाठी वृत्तचितीचा पाठ घरच्या वस्तूंच्या आधारे कसा योजता येईल आणि चार आकड्यांवरून मुलाची चूक कशी ओळखता येईल, याचे विवेचन येथे केले आहे.

वृत्तचिती म्हणजे पूर्वीच्या पिढीने ज्याला दंडगोल म्हटले, तोच आकार. इयत्ता आठवीच्या अभ्यासक्रमात तिचे पृष्ठफळ व घनफळ येते आणि दहावीत महत्त्वमापनात ते पुन्हा भेटते. पुढील पाठ आठवीच्या विद्यार्थ्यासाठी असून तो तीन दिवसांत विभागलेला आहे. याचे कारण व्यावहारिक आहे. अनेक घरांत एकच दूरध्वनी असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर असतो. म्हणून दूरध्वनीवर फक्त सायंकाळी पाचदहा मिनिटे बोलावयाचे, आणि प्रत्यक्ष काम मुलाने दिवसा, दूरध्वनी जवळ नसताना करावयाचे, अशी ही रचना आहे. चित्रफीत, संगणक किंवा महाजाल यांची येथे गरज नाही.

वस्तूची निवड

पहिल्या सायंकाळी शिक्षकाने एवढेच सांगावे : "घरातला सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा, गोल डबा शोध. मोजपट्टी, दोरा, एक जुना कागद आणि पाणी मोजायचे माप तयार ठेव."

हे सोपे वाटते, परंतु आपल्या स्वयंपाकघरात खऱ्या अर्थाने वृत्तचिती असलेल्या वस्तू फार थोड्या असतात. तांब्या पोटात फुगीर असतो, कळशीची मान बारीक असते, पातेल्याचे बूड कडेला वळलेले असते आणि पेला तोंडाशी रुंद व तळाशी अरुंद असतो. डाळ-तांदळाचा स्टेनलेस स्टीलचा उभा डबा ही वस्तू सर्वांत सोयीची. वस्तू खरोखर वृत्तचिती आहे की नाही, हे मुलाने स्वतःच तपासावे. तोंडाजवळ दोरा गुंडाळून लांबी मोजावी, मग तळाजवळ गुंडाळून मोजावी. दोन्ही लांब्या जुळल्या, तर डबा चालेल.

पेलाच उपलब्ध असेल, तर तोही टाकून देऊ नये. तोंडाचा व्यास ८ सें.मी., तळाचा ६ सें.मी. आणि उंची १० सें.मी. असा पेला घेतला आणि तोंडाचाच व्यास धरून हिशेब केला, तर घनफळ सुमारे ५०२ घन सें.मी. येते, प्रत्यक्षात त्यात सुमारे ३८७ घन सें.मी. पाणी मावते. दोन्ही व्यासांची सरासरी, म्हणजे ७ सें.मी. घेतली, तर उत्तर ३८५ येते आणि ते खऱ्याच्या अगदी जवळ असते.

एक गोष्ट मात्र शिक्षकाने स्पष्टपणे बजावावी. कीटकनाशकाचे किंवा रंगाचे रिकामे डबे, ते कितीही सुबक गोल असले तरी, या कामाला घ्यावयाचे नाहीत.

पहिला दिवस : नाण्यांची चळत आणि कागदाची पट्टी

सूत्र सांगण्यापूर्वी मुलाकडून दोन लहान कृती करवून घ्याव्यात. एकाच मोलाची व एकाच आकाराची दहा-बारा नाणी एकावर एक ठेवली की लहानशी वृत्तचिती तयार होते. एका नाण्याने जेवढी जागा ताटात व्यापली, तेवढाच तळ पुढच्या प्रत्येक नाण्याचा आहे; चळत वाढते ती केवळ उंचीने. म्हणून घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, हे मुलाला पाठ करावे लागत नाही. इष्टिकाचितीचे घनफळ त्याने याच पद्धतीने काढलेले असते. येथे फक्त चौकोनी तळाच्या जागी वर्तुळ आले आहे. चळत थोडी तिरपी सरकविली तरी नाणी तेवढीच राहतात, हेही हुशार मूल आपण होऊन सांगते.

दुसरी कृती कागदाची. डब्याभोवती जुन्या दिनदर्शिकेचे पान घट्ट गुंडाळावे, दोन कडा जेथे एकमेकींना भिडतात तेथे खूण करावी, डब्याच्या उंचीइतकाच कागद ठेवून बाकीचा कापावा आणि मग तो उलगडून जमिनीवर पसरावा. डब्याचा वाकडा पृष्ठभाग आता सरळ आयत झालेला असतो. या आयताची एक बाजू डब्याची उंची आहे आणि दुसरी बाजू तळाच्या वर्तुळाचा परीघ आहे. वक्रपृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले उंची, हे एवढ्यातच सिद्ध झाले. झाकण व बूड यांची दोन वर्तुळे त्यात मिळविली की एकूण पृष्ठफळ होते. डबा उघडा असेल, तर एकच वर्तुळ मिळवावे. परीक्षेत या एका वर्तुळावर पुष्कळ गुण जातात, म्हणून "तुझ्या डब्याला झाकण आहे का?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारलेला बरा.

दुसरा दिवस : चार आकडे

दुसऱ्या दिवशी मुलाने चार मापे घ्यावयाची : दोऱ्याने मोजलेला परीघ, डब्याच्या तोंडाचा आतील व्यास, आतील उंची, आणि डब्यात मावणारे पाणी. सायंकाळी शिक्षकाला हे चारच आकडे कळवावयाचे. उत्तर कळवावयाचे नाही, हे मुद्दाम सांगावे. प्रत्येक घरातील डबा वेगळा असल्यामुळे उत्तरही वेगळे येणार. ते एकटे आले, तर बरोबर की चूक हे शिक्षकाला ठरविता येत नाही. चार मापे आली, म्हणजे ती एकमेकांची साक्ष देतात.

मापे घेताना कोठे घोटाळा होतो, हे आधी सांगून ठेवावे. स्टीलच्या डब्याचा काठ बाहेर वळविलेला असतो. दोरा त्या काठावरून न नेता त्याच्या खालून गुंडाळावा. व्यास मोजताना मोजपट्टीचे एक टोक काठावर स्थिर धरून दुसरे टोक हळूहळू फिरवावे, आणि सर्वांत मोठे माप येईल तो व्यास समजावा. वर्तुळाचा मध्य अंदाजाने शोधून त्रिज्या मोजण्याचा खटाटोप करू नये. उंचीची गोष्ट अधिक फसवी आहे. प्लॅस्टिकच्या मोजपट्टीवर शून्याची खूण पट्टीच्या कडेपासून काही मिलिमीटर आत असते. अशी पट्टी डब्यात उभी करून उंची वाचली, तर प्रत्येक वेळी तेवढे माप कमी येते. त्यापेक्षा खराट्याची काडी डब्यात सरळ उभी करावी, काठाच्या पातळीवर नखाने खूण करावी आणि मग काडी बाहेर काढून पट्टीवर मोजावी.

पाणी मोजण्यासाठी दूधवाल्याकडील किंवा किराणा दुकानातील शिक्का असलेले लिटरचे माप मिळाले, तर उत्तम. पिण्याच्या पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीवर विसंबावयाचे असेल, तर ती काठोकाठ भरू नये. तशी भरल्यास तिच्यात लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. उरलेले थोडे पाणी औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या खुणांच्या टोपणाने मोजता येते. टंचाईच्या दिवसांत हेच पाणी पुन्हा पिंपात ओतावे, किंवा पाण्याऐवजी ज्वारी घ्यावी. ज्वारीच्या दाण्यांत पोकळी राहते. पण डबा आणि माप दोन्ही सारख्याच रीतीने, न हलविता भरली, तर तुलना बिघडत नाही.

एक उदाहरण प्रत्यक्ष घेऊ. समजा, मुलीने कळविले : परीघ ३३ सें.मी., व्यास १०.५ सें.मी., उंची १२ सें.मी., पाणी १ लिटर आणि १० मि.लि.ची दोन टोपणे, म्हणजे १,०२० मि.लि.

शिक्षकाने आधी परिघाला व्यासाने भागावे. ३३ ला १०.५ ने भागले की ३.१४ येतात, म्हणजे दोरा व मोजपट्टी दोन्ही योग्य लागलेल्या आहेत. मग त्रिज्या ५.२५ सें.मी. आणि π ची किंमत २२/७ धरून तळाचे क्षेत्रफळ काढावे. ते ८६.६ चौ. सें.मी. येते. त्याला १२ ने गुणल्यास घनफळ सुमारे १,०४० घन सें.मी. होते. एक घन सें.मी. म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून हा आकडा सरळ पाण्याच्या मापाशी ताडून पाहता येतो. १,०४० आणि १,०२० यांत वीस मिलिलिटरचे अंतर आहे, म्हणजे शेकडा दोन. डबा अगदी काठापर्यंत भरताना पाणी सांडू नये म्हणून मुले थोडे कमीच भरतात. तेव्हा हे अंतर समाधानकारक मानावे. वक्रपृष्ठफळ ३३ गुणिले १२, म्हणजे ३९६ चौ. सें.मी.; उघड्या डब्याचे एकूण पृष्ठफळ सुमारे ४८३ आणि झाकणासह सुमारे ५६९ चौ. सें.मी. पहिल्या दिवशी कापलेला कागद ३३ व १२ सें.मी. बाजूंचाच निघाला पाहिजे, हा त्याचा पडताळा.

किती फरक क्षम्य समजावा? माझ्या मते शेकडा पाचपर्यंतचा फरक घरगुती मापनात स्वाभाविक मानावा. वरील डब्याचा व्यास केवळ दोन मिलिमीटर जास्त वाचला गेला, तरी घनफळ शेकडा चारने जवळपास वाढते. उंचीत तेवढीच चूक झाली, तर फरक शेकडा दोनहूनही कमी पडतो. व्यासाची चूक घनफळात दोनदा मोजली जाते, उंचीची एकदाच. म्हणून मुलाकडे पुन्हा मोजण्याची एकच संधी असेल, तर त्याला व्यास पुन्हा मोजावयास सांगावे.

चुकीचा माग

आता तिसऱ्या सायंकाळचे काम. मुलाने स्वतः सूत्राने काढलेले घनफळ व वक्रपृष्ठफळ शिक्षकाला सांगावे, आणि शिक्षकाने त्या घनफळाला पाण्याच्या मापाने भागावे. भागाकार एकच्या आसपास आला, तर प्रश्नच नाही. तो तसा न आल्यास भागाकाराचा आकडाच बहुधा चुकीचे नाव सांगतो.

सर्वांत नेहमीची चूक त्रिज्येच्या जागी व्यास घालण्याची. व्यास त्रिज्येच्या दुप्पट, आणि त्याचा वर्ग चौपट. म्हणून भागाकार चार येतो. अशा वेळी दूरध्वनीवरील संभाषण साधारण असे होते :

"बाई, माझ्या डब्याचं घनफळ ४,१५८ आलं."

"म्हणजे किती लिटर ग?"

"चार लिटरच्या वर."

"आणि काल पाणी किती मावलं होतंस सांगितलंस?"

"एक लिटर नि दोन टोपणं." थोडा वेळ शांतता. "बाई, मी अख्खा व्यासच धरला वाटतं."

येथे शिक्षिकेने चूक दाखविली नाही, डब्याने दाखविली. दूरस्थ पाठात ही सोय मोठी आहे. मुलाच्या हाताशी असलेले पाणी त्याला नेमके उत्तर देते, आणि शिक्षकाचे काम योग्य प्रश्न विचारण्यापुरते उरते.

दुसरी चूक त्रिज्येचा वर्ग न करता तिची दुप्पट करण्याची. ही ओळखण्याची खूण मोठी गमतीची आहे. वर्गाऐवजी दुप्पट घेतली की घनफळाचे सूत्र नकळत वक्रपृष्ठफळाचे सूत्र बनते, आणि मुलाने सांगितलेले दोन्ही आकडे तंतोतंत सारखे येतात. वरील डब्यासाठी दोन्ही उत्तरे ३९६ आली, तर शिक्षकाने क्षणाचाही विचार करण्याचे कारण नाही. भागाकार एक-तृतीयांशाच्या जवळ आला, तर π ने गुणावयाचे राहून गेले आहे. वक्रपृष्ठफळ नेमके निम्मे आले, तर २ ने गुणावयाचे राहिले. दहापट किंवा हजारपट फरक पडला, तर सेंटिमीटर व मिलिमीटर, अथवा लिटर व मिलिलिटर यांची गल्लत झाली आहे.

थोड्या फरकाकडेही लक्ष द्यावे. वरील डब्याची उंची मोजपट्टीच्या कोऱ्या कडेमुळे ११.५ सें.मी. वाचली गेली, तर घनफळ ९९६ येते. पाण्याचे माप १,०२० असताना सूत्राचे उत्तर त्याहून कमी यावे, हे संशयास्पद आहे. कारण मुले पाणी कमी भरतात, जास्त भरू शकत नाहीत. सूत्राचे उत्तर पाण्याच्या मापापेक्षा कमी आले, तर प्रथम उंची पुन्हा विचारावी.

भागाकार दोन आला, म्हणजे हिशेबात चूक असेलच असे नाही. कोकणात किंवा डोंगराळ भागात एखादे मूल बांबूचे एका बाजूने बंद असलेले पेर घेऊन बसते. समजा, त्याचा बाहेरील व्यास ७ सें.मी. आहे आणि बांबूची जाडी एक सें.मी. आहे, म्हणजे आतील व्यास ५ सें.मी. भरला. बाहेरच्या मापाने काढलेले घनफळ आणि आत मावणारे पाणी यांचे प्रमाण ४९ ला २५, म्हणजे जवळपास दुप्पट येते. हेही चार आकड्यांतून दिसते. बाहेरून दोऱ्याने मोजलेला परीघ २२ सें.मी. आणि आतील व्यास ५ सें.मी. असेल, तर पहिलाच भागाकार ३.१४ न येता ४.४ येतो. तो आला की शिक्षकाने वस्तूची जाडी विचारावी. भांडे किती जागा व्यापते आणि भांड्यात किती मावते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा धडा बांबूइतका स्पष्टपणे स्टीलचा पातळ डबा देऊ शकत नाही.

एकाच कागदाच्या दोन नळ्या

चार ही चूक त्रिज्येने का येते आणि पृष्ठफळात तीच चूक केवळ दोनपट का राहते, हे मुलाला समजले नाही, तर वरील सर्व खुणा शिक्षकापुरत्याच राहतील. त्यासाठी तिसऱ्या दिवशी एक प्रयोग द्यावा.

जाड कागदाचे, ३३ सें.मी. लांब व २२ सें.मी. रुंद असे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एकाची लांब बाजू गोल वळवून २२ सें.मी. उंचीची रुंद नळी करावी. दुसऱ्याची आखूड बाजू वळवून ३३ सें.मी. उंचीची अरुंद नळी करावी. चिकटविण्यासाठी जी कड वर चढवावयाची तिच्यासाठी एक सें.मी. कागद आधीच जादा ठेवावा. ही पट्टी ठेवली नाही, तर परीघ तेवढा कमी होतो आणि मापे जुळत नाहीत. दोन्ही नळ्यांना कागद सारखाच लागला आहे, म्हणून त्यांचे वक्रपृष्ठफळही सारखेच, ७२६ चौ. सें.मी. आहे. मग दोहोंत सारखेच धान्य मावेल काय? हा प्रश्न विचारून मुलाचे उत्तर आधी वहीत लिहून घ्यावे. बहुतेक मुले होय म्हणतात. काही जण उंच नळीत जास्त मावेल असे सांगतात.

मग ताटात रुंद नळी उभी करावी, तिच्या आत अरुंद नळी ठेवावी आणि अरुंद नळी ज्वारीने काठोकाठ भरावी. आता ती हळूच वर ओढून घ्यावी. सगळी ज्वारी रुंद नळीत पसरते, आणि ती नळी भरत नाही. वरून सपाट केल्यास ज्वारी सुमारे साडेचौदा सें.मी.पर्यंत, म्हणजे उंचीच्या दोन-तृतीयांशापर्यंतच पोचते.

हिशेब असा. अरुंद नळीचा परीघ २२, म्हणून व्यास ७ सें.मी.; घनफळ १,२७०.५ घन सें.मी. रुंद नळीचा परीघ ३३, म्हणून व्यास १०.५ सें.मी.; घनफळ १,९०५.७५ घन सें.मी. दुसरे पहिल्याच्या दीडपट आहे. व्यास दीडपट झाला तेव्हा तळाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट झाले. उंची मात्र दीडपटीने कमी झाली. वक्रपृष्ठफळात व्यास एकदाच गुणला जातो, म्हणून तेथे वाढ आणि घट यांचा मेळ बसला. घनफळात तो दोनदा गुणला जातो, म्हणून तेथे वाढ शिल्लक राहिली. व्यासाच्या जागी त्रिज्या किंवा त्रिज्येच्या जागी व्यास घेतल्याने होणारी चूकही याच कारणाने पृष्ठफळात दुपटीची आणि घनफळात चौपटीची होते.

गावची विहीर

हा फरक पाठ्यपुस्तकाबाहेर कोठे भोवतो, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सांगावयास नको. गावची पिण्याच्या पाण्याची गोल विहीर ही जमिनीत उतरलेली वृत्तचितीच होय. तिच्यात विरंजक चूर्ण, म्हणजे सर्वांच्या परिचयाची टीसीएल पावडर टाकावयाची, तर आधी पाणी किती हे काढावे लागते. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर त्रिज्या २ मीटर धरून घनफळ ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर होते. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, असे ढोबळ प्रमाण धरल्यास येथे सुमारे ९४ ग्रॅम पावडर पुरते. नेमकी मात्रा पाण्याच्या गढूळपणावर आणि पावडरीच्या ताकदीवर अवलंबून असते व ती हॉरॉक्सच्या चाचणीने ठरविली जाते. उघडी राहिलेली पावडर लवकर निकामी होते, हेही ध्यानात ठेवावे. परंतु हिशेबात त्रिज्येऐवजी व्यासच घातला, तर पाणी दीड लाख लिटर भरते आणि पावडर सुमारे ३७७ ग्रॅम पडते. पाण्याला उग्र वास येतो आणि लोक त्या विहिरीकडे पाठ फिरवितात. उलट, आधीच सांगितलेली त्रिज्या व्यास समजून पुन्हा निम्मी केली, तर केवळ २४ ग्रॅमच्या आसपास पावडर पडते. पाण्याला वास नसतो, कोणी तक्रारही करीत नाही, आणि रोगजंतू मात्र तसेच राहतात. या दोहोंत दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही.

त्याच विहिरीच्या आतील बाजूस दहा मीटर खोलीपर्यंत गिलावा करावयाचा असेल, तर क्षेत्रफळ १२५.६ चौ. मीटर येते. येथे त्रिज्येच्या जागी व्यास घेतल्यास अंदाजपत्रकात २५१.२ चौ. मीटर लागतात, म्हणजे नेमके दुप्पट. मोजमाप तपासणाऱ्याला दोनपट आणि चौपट या खुणा ठाऊक असतील, तर खोदाईच्या घनमीटरांत चौपट व गिलाव्याच्या चौरस मीटरांत दुप्पट आकडा पाहताच चूक कोठे झाली हे जागेवर न जाताही सांगता येईल.

विद्यार्थ्यांना विहिरीच्या काठावर मोजमापासाठी पाठवू नये. व्यास व पाण्याची खोली ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने मोजून शिक्षकाला कळवावी, आणि मुलांनी घरी बसून हिशेब करावा. या हिशेबालाही डब्यातील पाण्यासारखा पडताळा आहे. विहिरीवरून ज्या टाकीत पाणी चढविले जाते, तिची क्षमता बहुधा माहीत असते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली, म्हणजे १२५.६ लिटर पाणी निघाले. पाच हजार लिटरची रिकामी टाकी एका दमात भरली, तर पातळी सुमारे ४० सेंटिमीटर उतरली पाहिजे. व्यासाला त्रिज्या समजणाऱ्या मुलाचे उत्तर १० सेंटिमीटर येईल. पंप सुरू होण्यापूर्वी आणि बंद झाल्याबरोबर दोरीला बांधलेल्या वजनाने पातळी मोजावी, म्हणजे दरम्यान झऱ्याने भरून येणारे पाणी हिशेबात फारसे शिरत नाही. पावसाळ्यात झरे जोरात असतात, म्हणून हा पडताळा मार्च-एप्रिलमध्ये घ्यावा. विहीर खाली निमुळती होत गेलेली असेल, तर पातळी चाळीसहून अधिक उतरेल; अशा वेळी पेल्याप्रमाणे वरच्या व खालच्या व्यासांची सरासरी घेऊन हिशेब पुन्हा करावा.